एक्यूएआरचा डेटा अडकलाय, सर ‘हो करतो’ म्हणतात आणि येत काहीच नाही: पाठपुरावा कसा करायचा

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की आमच्याकडे हेच सुरू होतं, आणि मला वाटतं बऱ्याच कॉलेजांत हेच चालत असणार, म्हणून सविस्तर लिहितेय. मी आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम बघते. एक्यूएआर, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दरवर्षी जो गुणवत्ता अहवाल द्यायचा असतो तो, ३१ डिसेंबरच्या आत अपलोड व्हावा म्हणून आम्ही कॉलेजात आपल्या आपण १५ नोव्हेंबर ही तारीख ठरवतो. अहवालाचे सात भाग, म्हणजे क्रायटेरिया, प्रत्येकाला एक प्रमुख, आणि प्रमुखांनी आपापला डेटा शेअर केलेल्या शीटमध्ये भरायचा. कागदावर इतकं सोपं आहे. प्रत्यक्षात १५ नोव्हेंबरला तीन क्रायटेरिया पूर्ण, दोन अर्धे आणि दोन कोरे असतात, आणि मग माझं काम अहवाल लिहिणं न राहता लोकांच्या मागे लागणं होऊन बसतं.

मागे लागण्याचा त्रास मला कामापेक्षा जास्त व्हायचा. कारण ज्यांच्या मागे लागायचं ते सगळे सहकारी, त्यातले निम्मे माझ्यापेक्षा सीनियर, एक तर मला शिकवलेले सर. त्यांना पाचव्यांदा मेसेज टाकताना हात थांबतो. नाही टाकला तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री अकरापर्यंत मीच शीट भरत बसणार हे पण माहीत असतं.

तीन वर्षांत माझ्या एक लक्षात आलं ते आधी सांगते आणि मग एक अख्खी केस सांगते. समोरच्याला कटकट वाटते ती आपण किती वेळा विचारलं यामुळे नाही, तर दर वेळी आपण रिकाम्या हाताने जातो म्हणून. तोच मेसेज, तीच मागणी, फक्त तारीख पुढची. दुसऱ्यांदा जाताना हातात काहीतरी नवीन असेल, म्हणजे आपण शोधलेली माहिती, कमी केलेली मागणी, भरून ठेवलेली शीट, असं काही, तर माणूस चार वेळाही नीट बोलतो.

आधी माझा जुना मेसेज बघा. हा मी दोन वर्षं सगळ्यांना ग्रुपवर टाकत होते:

“रिस्पेक्टेड ऑल, जेंटल रिमाइंडर. ज्यांचा डेटा बाकी आहे त्यांनी लवकरात लवकर शीट पूर्ण करावी ही विनंती.”

भाषा अगदी नम्र आहे, कोणी नाव ठेवणार नाही. पण यात कोणाला सांगितलं ते नाही, नेमका कुठला डेटा ते नाही, लवकरात लवकर म्हणजे कधी ते नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला करण्यासारखं काहीच हातात मिळत नाही, मिळतं ते फक्त ‘आपलं काहीतरी बाकी आहे’ हे ओझं. त्याला उत्तर म्हणून अंगठा किंवा “हो मॅडम” एवढंच देता येतं आणि लोक तेच देतात. आणि ‘जेंटल रिमाइंडर’ हा शब्द आता इतका घासला गेलाय की तो दिसला की माणूस मेसेज उघडतसुद्धा नाही, त्याला कळतं आत काय असणार.

आता केस. मागच्या वर्षीचा क्रायटेरिया पाच, म्हणजे विद्यार्थ्यांना दिलेली मदत आणि पुढची प्रगती. त्यातला ५.२.२ हा मेट्रिक, त्या वर्षी पदवी झालेल्या मुलांपैकी किती जण पुढच्या शिक्षणाला गेले. टेम्प्लेटमध्ये चार रकाने आहेत, मुलाचं नाव, इथून कुठली पदवी घेतली, कुठल्या संस्थेत गेला, कुठल्या कोर्सला. सोबत पुरावा म्हणून तिथलं आयकार्ड किंवा प्रवेशाची पावती वगैरे. प्रमुख होते कॉमर्सचे एक सीनियर सर, अतिशय सज्जन माणूस, कधी कोणाला नाही म्हणत नाहीत. १० ऑक्टोबरला शीट शेअर केली, २० तारखेला विचारलं, “हो करतो”. २७ ला विचारलं, “चालू आहे”. दिवाळीनंतर विचारलं, “दोन दिवस द्या”. दोन दिवसांनी विचारलं तर निळ्या टिक्स आल्या आणि उत्तर नाही.

इथे मी चूक केली. मला राग आला आणि मी एक तक्ता केला, कुठल्या क्रायटेरियाचं किती टक्के झालं, समोर प्रमुखांचं नाव, पूर्ण असेल तर हिरवा, नसेल तर लाल, आणि तो स्टाफच्या ग्रुपवर टाकला. लाल फक्त दोघं होते. मला वाटलं आता होईल. झालं काय, की सर पुढचे आठ दिवस माझ्याशी कामापुरतं सुद्धा बोलले नाहीत आणि शीटमध्ये एक ओळ वाढली नाही. आपल्याकडे वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाचं नाव चाळीस जणांसमोर लाल रंगात टाकणं ही आठवण करून देणं नसतंच, तो अपमान असतो, हे मला आधी कळायला हवं होतं. मी जाऊन माफी मागितली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा “कधी देता” न विचारता “सर, नेमकं कुठे अडतंय” असं विचारलं.

आणि उत्तर असं आलं की मी गप्पच झाले. सर म्हणाले, अहो मॅडम, पासआउट मुलांची फोन नंबरसकट यादीच माझ्याकडे नाही. परीक्षा विभागाने दिलेल्या यादीत पीआरएन आणि नाव आहे, नंबर नाही. नंबर ऑफिसमध्ये ॲडमिशन फॉर्मवर आहेत, ते तीन वर्षांपूर्वीचे, निम्मे बंद. जेवढी मुलं माहीत आहेत त्यांची नावं लिहून ठेवलीत मी, पण प्रत्येकाचं आयकार्ड मिळाल्याशिवाय अर्धवट कसं देऊ तुम्हाला?

म्हणजे सर टाळत नव्हते. त्यांच्याकडे वहीत बावीस नावं लिहिलेली होती. ती शीटमध्ये आली नव्हती कारण त्यांना वाटत होतं डेटा द्यायचा तर पूर्ण आणि पुराव्यासकट, नाहीतर नाही. आणि माझा प्रत्येक मेसेज “पूर्ण करावी” असंच म्हणत होता. मीच दार बंद करून बाहेरून कडी वाजवत होते.

तेव्हापासून मी पाठपुरावा सुरू करण्याआधी अडलंय कुठे हे शोधते. माझ्या अनुभवात चार-पाचच कारणं असतात आणि बाहेरून थोडीफार ओळखताही येतात. शीटच्या व्हर्जन हिस्टरीत त्या माणसाचं नाव एकदाही दिसत नसेल तर त्याने काही भरलेलं नाही एवढं नक्की, कदाचित शीट उघडलेलीच नसेल किंवा त्याला ती उघडत नसेल. हे दुसरं फार होतं. आपण शीट शेअर करतो कॉलेजच्या ईमेलवर, सरांच्या मोबाईलमध्ये लॉगिन असतं घरचं, लिंक दाबली की You need access येतं, ते परवानगी मागण्याचं बटण दाबतात, ती मेल आपल्या मेलबॉक्सच्या ढिगाऱ्यात जाते, आणि दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. मागच्या वर्षी क्रायटेरिया तीनच्या मॅडमचं हेच झालं होतं, तीन आठवडे मी समजत होते त्या करत नाहीयेत आणि त्या समजत होत्या मी परवानगी देत नाहीये. उपाय साधा आहे, दोन्ही ईमेल आयडी टाकून शेअर करायचं आणि त्यांच्याच मोबाईलवर, त्यांच्या शेजारी उभं राहून एकदा उघडून बघायचं. लिंक असलेल्या कोणालाही उघडेल असं मात्र ठेवू नका, या शीटमध्ये मुलांचे नंबर असतात, ती लिंक फिरत फिरत कुठे जाईल सांगता येत नाही.

शीट उघडलीय, दोन-चार ओळी भरल्यात आणि मग थांबलंय, असं दिसलं तर डेटा तिसऱ्याच माणसाकडे अडकलेला असतो, ऑफिस, परीक्षा विभाग, नाहीतर पासआउट मुलं. सरांसारखी केस. आणि कोरी शीट, पण विचारलं की लगेच “हो करतो” येत असेल तर काय भरायचं तेच कळलेलं नसण्याची शक्यता मोठी, आणि सीनियर माणसाला हे विचारायला अवघड जातं. टेम्प्लेटमधली इंग्रजी वाक्यं खरंच क्लिष्ट आहेत. ‘आउटगोइंग स्टुडंट्स’ म्हणजे शेवटच्या वर्षाला बसलेले की पास झालेले, यावरच आमच्याकडे अर्धा तास वाद झाला होता.

वेळ नसणं हे कारण कॅलेंडरवरूनच कळतं. नोव्हेंबरमध्ये सेमिस्टरच्या परीक्षा, प्रॅक्टिकल, मग पेपर तपासणीला कॅपची ड्युटी. एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी सात दिवसांच्या शिबिरात कुठल्यातरी गावात असतात, तिथे रेंज नसते आणि शिबिरातल्या सगळ्या पोरांची जबाबदारी असते. त्या आठवड्यात त्यांना एक्सटेन्शन ॲक्टिव्हिटीचा डेटा मागणं म्हणजे माणसाला नाही म्हणायची सुद्धा फुरसत न ठेवणं. मी आता सगळ्यांच्या ड्युटीचं वेळापत्रक आधी मागून घेते आणि त्या तारखा सोडूनच मागणी करते.

आणि पाचवं, करायचंच नाहीये. हे असतं, पण जेवढं आपल्याला वैतागलेलो असताना वाटतं त्यापेक्षा खूप कमी. त्याचं शेवटी बोलते.

आता सरांचं पुढे काय केलं ते. त्यांनी कारण सांगितल्यावर मी दोन दिवस त्यांना काहीच विचारलं नाही, आधी ऑफिसमध्ये गेले. आमच्या ऑफिसला टीसीसाठी जो अर्ज भरून घेतात त्यात पुढे कुठे प्रवेश घेणार असा रकाना आहे, कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. क्लार्क मॅडमच्या शेजारी बसून सगळे अर्ज चाळले. त्या वर्षी तिन्ही शाखा मिळून १४६ मुलं पास होती. त्यातल्या ४१ जणांनी टीसी नेताना पुढच्या संस्थेचं नाव लिहिलं होतं. आमच्याच कॉलेजात एमकॉमला राहिलेली १८ मुलं, ती तर आमच्याच ॲडमिशन रजिस्टरमध्ये, त्यांनी टीसी घेतलेलीच नाही त्यामुळे दोनदा मोजली जाण्याचा प्रश्न नाही. झाली ५९. उरली ८७, त्यांना फोन करावे लागणार.

ही ५९ नावं मी शीटमध्ये टाकली, सरांच्या नावापुढे नाही, वेगळ्या टॅबवर, कारण त्यांच्या कामात परस्पर हात घातला असं व्हायला नको. आणि मग मेसेज केला, ग्रुपवर नाही, त्यांना एकट्याला, सकाळी साडेदहाला, त्यांचं पहिलं लेक्चर संपतं तेव्हा:

“सर नमस्कार. ५.२.२ साठी ऑफिसमधून टीसीचे अर्ज आणि आपलं एमकॉमचं रजिस्टर बघितलं, ५९ नावं मिळाली, ‘ऑफिसकडून’ नावाच्या टॅबवर टाकलीत. तुमच्या वहीतली बावीस नावं यात आहेत का एवढंच बघाल का? जी नाहीत ती फक्त नाव आणि कॉलेज लिहून फोटो पाठवलात तरी चालेल, शीटमध्ये मी भरते. आयकार्डं नंतर बघू.”

याला चाळीस मिनिटांत उत्तर आलं. वहीच्या पानाचा फोटो, आणि खाली लिहिलेलं, यातली चौदा तुमच्या यादीत आहेत, आठ नवीन. एका महिन्यात न आलेलं काम चाळीस मिनिटांत आलं, आणि माणूस तोच होता.

या मेसेजमध्ये काय वेगळं होतं ते मी नंतर नीट विचार करून बघितलं, कारण मला तो बाकीच्यांसाठीही वापरायचा होता. मागणी लहान झाली होती, ‘क्रायटेरिया पूर्ण करा’ वरून ‘बावीस नावं जुळवा’ वर आली. अर्धवट दिलं तरी चालेल हे स्पष्ट सांगितलं होतं. कसं द्यायचं याची सगळ्यात सोपी वाट दाखवली होती, ज्याला शीटमध्ये मोबाईलवर टाईप करणं जड जातं त्याने फोटो पाठवावा. आणि सगळ्यात मोठं, मी आधी काहीतरी करून मग विचारत होते, त्यामुळे उशिराचा उल्लेखच करायची गरज पडली नाही. उशीर झालाय हे त्यांना माहीत असतंच हो, आपण ते वाक्यात घातलं की उत्तरात सबब येते आणि डेटा राहतो.

आता ६७ नावं झाली आणि ७९ मुलांना फोन करायचे होते. हे एकट्या सरांवर टाकलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. तिन्ही शाखांच्या एकेका शिक्षकाला वाटून दिले, सव्वीस-सत्तावीस प्रत्येकी, मुलांना ओळखणारेच शिक्षक घेतले कारण अनोळखी नंबरवरून फोन गेला तर मुलं उचलत नाहीत. फोनवर विचारायचं एवढंच, सध्या काय करतोस, शिकत असशील तर कुठे आणि कशाला, आणि आयकार्डचा फोटो पाठव. टीसीच्या अर्जातल्या ४१ जणांना पण फोन गेलाच, कारण तिथे लिहिलेलं असतं कुठे प्रवेश घेणार, घेतलाच असं नाही. त्यातल्या सहा जणांनी प्रवेश घेतलाच नव्हता, ती नावं काढली.

इथे तारखेचं सांगते. आधी मी तारीख द्यायचे, “शुक्रवारपर्यंत द्या”. आता मी तारीख मागते. “सर, तुमच्या बाजूचे फोन कधीपर्यंत होतील असं वाटतं?” ते म्हणाले बुधवार. मग बुधवार ही त्यांची तारीख झाली, माझी नाही. मंगळवारी दुपारी मी एवढंच लिहिलं, “सर, उद्या बुधवार ठरलाय आपला, जेवढे फोन झाले असतील तेवढे चालतील, नंबर बंद असलेल्या मुलांची नावं पण कळवा, त्यांचा शोध मी ऑफिसमधून घेते.” आदल्या दिवशीचा मेसेज मदतीसारखा वाटतो. उशीर झाल्यावर दुसऱ्या दिवशी टाकलेला तोच मेसेज जाब विचारल्यासारखा वाटतो. शब्द तेच असतात, फक्त चोवीस तासांचा फरक. त्यामुळे मी आता शक्यतो तारीख उलटू देतच नाही.

आणि जी तारीख ते देतील ती थोडी लांबची वाटली तरी घ्यायची, जर आपल्या वेळापत्रकात बसत असेल तर. घासाघीस करून बुधवारचा सोमवार केला तर तो सोमवार पुन्हा आपला होतो, त्यांचा राहत नाही.

काही जण एक युक्ती सुचवतात की “शुक्रवारपर्यंत कळलं नाही तर हाच आकडा धरून पुढे जाते” असं लिहायचं. मी वापरते, पण फक्त वर्णनात्मक भागासाठी, म्हणजे बेस्ट प्रॅक्टिसचा मजकूर मी लिहून पाठवला आणि बदल आले नाहीत तर तोच ठेवला, इथपर्यंत ठीक. आकड्यांसाठी हे करू नका. आज एक्यूएआरमध्ये जो आकडा जातो तो पुढे एसएसआरच्या, म्हणजे नॅकच्या मूल्यांकनासाठी द्यायच्या मोठ्या अहवालाच्या, वेळी परत समोर येतो, डीव्हीव्हीमध्ये, म्हणजे डेटाच्या पडताळणीत, पुरावा मागतात, आणि तेव्हा एक्यूएआरला ८० आणि हातात आयकार्डं ६१ असं निघालं तर उत्तर देणारे आपणच. ज्याचा कागद आहे तेवढंच मोजायचं. आमचा शेवटचा आकडा ७३ ठरला, सगळ्यांचे पुरावे होते. फोनवर “शिकतोय सर” म्हणालेली आणखी अकरा मुलं होती, त्यांची कागदं आलीच नाहीत, सोडून दिली.

कुठे बोलायचं याबद्दल पण थोडं. स्टाफरूममध्ये चार जणांसमोर “सर तेवढं ५.२.२ राहिलंय हां” असं मी पूर्वी सहज हसत म्हणायचे, मला वाटायचं हलकंफुलकं आहे. नाहीये ते हलकं. चार जणांसमोर म्हटलं की माणसाला चार जणांसमोरच उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर स्वतःला वाचवणारंच असणार. आता मी टाइमटेबल बघून त्यांचा ऑफ असेल तेव्हा त्यांच्या विभागात जाते, लॅपटॉप घेऊन, आणि तिथेच बसून दहा ओळी दोघं मिळून भरतो. संध्याकाळी पाचनंतर आणि रविवारी कामाचा मेसेज टाकत नाही. रात्री सुचलं तर मेल लिहून Schedule send ने सकाळची वेळ लावून ठेवते.

ग्रुपवर काहीच टाकायचं नाही असं नाही. जे सगळ्यांना लागतं ते टाकते, उदाहरणार्थ “पासआउट मुलांची पीआरएन आणि नंबरसकट यादी ऑफिसमधून मिळाली, लिंक इथे”. आणि स्थिती टाकायची झाली तर मेट्रिकप्रमाणे टाकते, माणसाप्रमाणे नाही. “५.२.२ ची ६७ नावं आली, पुरावे ४० चे आहेत” असं. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि कोणाचं नाव लागत नाही.

प्राचार्यांकडे कधी जायचं हा सगळ्यात नाजूक भाग. पाठीमागे जायचं नाही, एवढा एक नियम मी अगदी काटेकोर पाळते. सोमवारी आयक्यूएसीची मीटिंग असेल आणि तिथे स्थिती सांगावी लागणार असेल तर शुक्रवारी त्या माणसालाच आधी सांगते, आणि काय सांगणार आहे ते वाक्यच दाखवते. सरांना मी असं लिहिलं होतं: “सर, सोमवारी मीटिंगमध्ये क्रायटेरियानुसार स्थिती विचारतील. पाचव्याबद्दल ‘६७ नावं मिळाली आहेत, उरलेल्यांना फोन चालू आहेत, बुधवारपर्यंत होईल’ असं सांगू का? काही बदलायचं असेल तर सांगा.” त्यांनी बदल सुचवला, बुधवारऐवजी गुरुवार म्हणा. म्हटलं, बरं. मीटिंगमध्ये मी तेच सांगितलं आणि गुरुवारी सकाळी काम आलं होतं.

एक गोष्ट कितीही राग आला तरी करू नका. प्रमोशनच्या कॅसच्या फाईली आयक्यूएसीकडून तपासून पुढे जातात, त्यामुळे “डेटा द्या नाहीतर फाईल बघणार नाही” असं म्हणायचा मोह होतो, मला एकाने सुचवलंही होतं. त्या फाईलीत माणसाची कित्येक वर्षांची मेहनत असते. तिचा आणि एका एक्सेल शीटचा काही संबंध नाही, आणि एकदा असं केलं की पुढची सगळी वर्षं लोक तुमच्याशी भीतीने वागतात आणि भीतीने भरलेला डेटा कसा असतो ते सांगायला नको, आकडे फुगवलेले आणि पुरावे शून्य.

आता ते पाचवं कारण, करायचंच नाहीये. मागणी अगदी लहान केली, ऑफिसकडची माहिती आणून दिली, शेजारी बसायची तयारी दाखवली, तारीख त्यांनीच दिली आणि ती दोनदा गेली, तरी काही नाही, तर मी तिथे थांबते. तिसऱ्यांदा तेच करत नाही. सरळ विचारते, खाजगीत, शांतपणे: “मॅडम, मला वाटतंय हे काम या वर्षी तुमच्याकडून होणं अवघड दिसतंय. दुसऱ्या कोणाला देऊ का? मला फक्त हो किंवा नाही कळलं तर मी त्याप्रमाणे बघते.” हे धमकी म्हणून नाही, खरंच सुटका म्हणून विचारायचं, आणि हो म्हणाले तर मनात अढी न ठेवता काम काढून घ्यायचं. माझ्याकडे एका मॅडमनी लगेच हो म्हटलं. घरी सासूबाईंचं आजारपण होतं, दोन महिने त्या कोणाला बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्याबद्दल मनात काय काय बोलले होते ते आठवून मला फार वाईट वाटलं. तो डेटा मी आणि आणखी एका मॅडमनी वाटून घेतला आणि त्यांच्याकडे फक्त शेवटी एकदा नजर टाकायचं काम ठेवलं.

आणि खरंच जबाबदारी नाकारणारा माणूस असेल तर तो विषय पाठपुराव्याचा नाही, तो प्राचार्यांनी काम वाटतानाचा आहे. मे-जूनमध्ये क्रायटेरिया वाटताना बोलायचा, डिसेंबरमध्ये व्हॉट्सॲपवर सुटणारा नाही.

या वर्षी आम्ही ५.२.२ साठी एक बदल केलाय तो पण सांगते. टीसीच्या अर्जासोबत अर्ध्या पानाचा एक फॉर्म ठेवलाय, पुढे कुठे जाणार, चालू मोबाईल नंबर, घरच्यांचा एक नंबर, आणि प्रवेश झाल्यावर आयकार्डचा फोटो कुठे पाठवायचा तो नंबर. क्लार्क मॅडमना आधी विचारूनच केला, कारण वाढीव काम त्यांना होतं. त्यांनी एक सुधारणा सुचवली जी मला सुचली नसती, की मुलगा टीसी न्यायला स्वतः येत नाही, बऱ्याचदा वडील किंवा भाऊ येतो, त्यामुळे फॉर्म मराठीत हवा आणि ‘प्रोग्रॅम’ऐवजी ‘कोर्स’ लिहा. तसा केला. सप्टेंबरच्या शेवटी ५२ फॉर्म भरून आले होते, त्यातल्या ३१ जणांचे आयकार्डाचे फोटो पण आले होते. ती फाईल घेऊन मी सरांकडे गेले तेव्हा ऑक्टोबरची दोन तारीख पण उजाडली नव्हती, शीट अजून शेअर व्हायची होती, आणि उरलेल्या मुलांची यादी त्यांनीच माझ्याकडे मागितली.